तिसऱ्या सेमिस्टरच्या दोन केटी : लोट्यातल्या एका मुलाखतीची तयारी

प्रकरण चिपळूणच्या एका मुलीचं आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न, कोकणातल्याच कॉलेजातून ती केमिकल इंजिनीअर झाली, २०२५ साली. डिग्रीला फर्स्ट क्लास होता, पण डिसेंबर २०२२ च्या परीक्षेत, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला, तिचे दोन विषय गेले होते, म्हणजे दोन केटी लागल्या होत्या : प्रोसेस कॅल्क्युलेशन्स, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालाचा हिशेब, आणि गणित तीन. पहिला मे २०२३ मध्ये सुटला. गणित तेव्हाही राहिलं, ते डिसेंबर २०२३ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात सुटलं. पुढे एकही केटी लागली नाही.

चिपळूणजवळच्या लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनी इंजिनीअरची जागा निघाली. काम उत्पादन विभागातलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये दोन वेगळे रकाने होते. एकात आत्ता बाकी असलेले बॅकलॉग विचारले होते, दुसऱ्यात आजवर एकूण लागलेले. त्याखाली कारण लिहायला छोटी चौकट होती. या चौकटीत काय लिहू, हे विचारायला ती माझ्याकडे आली. मी लोट्यातच उत्पादनात नोकरी केली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून अशा पुष्कळ मुलाखती घेतल्या, म्हणून.

आधी रकान्यांचं. वर्गातल्या मित्रमैत्रिणींनी तिला सांगितलं होतं, दोन्हीकडे शून्य टाक, सगळं सुटलंय ना आता. पहिल्या रकान्यात शून्य बरोबरच होतं. दुसऱ्यात दोन हेच उत्तर होतं. रुजू होताना सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका मागतात आणि प्रत्येकीवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तिसऱ्या सेमिस्टरचा एखादा विषय चौथ्या सेमिस्टरच्या मोसमात पास झालेला दिसला की केटी होती हे समजायला अनुभव लागत नाही. केटीमुळे नाकारलेली मुलं मी पाहिली, पण थोडी. फॉर्मवर शून्य आणि कागदावर दोन निघाल्यावर हातात आलेली ऑफर गेलेलीही पाहिली, आणि तिथे मग कुणाला काही समजावता येत नाही, कारण प्रश्न मार्कांचा उरलेला नसतो.

चौकटीसाठी तिने लिहून आणलेला मजकूर असा होता :

«सेमिस्टर तीनमध्ये काही वैयक्तिक कारणांमुळे आणि चिपळूणमधील पूरपरिस्थितीमुळे माझ्या अभ्यासावर परिणाम झाला. तरीही हार न मानता मी दोन्ही विषय यशस्वीरीत्या उत्तीर्ण झाले.»

यात खोटं म्हणावं असं थेट काही नाही आणि तरी हा मजकूर मुलाखतीत तिला पाच मिनिटं अडकवून ठेवणार होता. ‘काही वैयक्तिक कारणं’ म्हटलं की समोरचा विचारतोच, कुठली? ज्या दाराच्या आत कुणी यायला नको आहे ते आपणच उघडून द्यायचं, असा प्रकार. ‘परिणाम झाला’ या वाक्यात करणारा कुणीच नाही. आणि ‘हार न मानता’ हे ज्याने सांगायचं तो माणूस ती नव्हे. ते वाचणाऱ्याने स्वतः म्हणायचं असतं.

पुराबद्दल मात्र थांबून बोलावं लागलं. ती कल्पना तिच्या वडिलांची होती. बाजारपेठेत त्यांचं किराण्याचं दुकान, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शटरच्या वर गेलं होतं. त्यांचं म्हणणं, “चिपळूणचं नाव निघालं की माणसं पुराचंच विचारतात. मग सांगायला काय हरकत? झालं ते खरंच झालंय.” खरंच झालं होतं, आणि त्या घराने किती सोसलं ते मी समोर पाहिलंय. पण तिची परीक्षा होती डिसेंबर २०२२ ची. मध्ये जवळजवळ दीड वर्ष गेलं होतं, आणि त्या दीड वर्षात ती पहिल्या वर्षाचे सगळे विषय पहिल्या फटक्यात पास झाली होती. पुराने अभ्यास बुडाला असता तर आधी पहिलं वर्ष बुडायला हवं होतं. हा हिशेब समोरचा माणूस गुणपत्रिका उलटताना मनातल्या मनात करतो. त्यातून लोट्याच्या कारखान्यातल्या टेबलापलीकडे चिपळूण-खेडचीच माणसं असण्याची शक्यता मोठी. ज्यांनी स्वतः घरातला चिखल उपसला त्यांना तारखा पाठ आहेत.

तिची परीक्षा त्याच पावसाळ्याला लागून असती तर मीच म्हटलं असतं, सांग. एका वाक्यात, तारखेसकट, आणि लगेच पुढे आपल्या हातात काय होतं ते. परिस्थिती सांगणं म्हणजे सबब नव्हे. परिस्थितीचा आणि निकालाचा सांधा जुळत नसताना ती पुढे करणं ही सबब. तिच्या बाबतीत सांधा जुळत नव्हता. तिने ते लगेच मान्य केलं, वडिलांना थोडा वेळ लागला.

मग मी विचारलं, नापास का झालीस? ती म्हणाली, पेपर कठीण होता, वर्गातले निम्मे गेले. हेही खरं असेल. पण हे उत्तर उरलेल्या निम्म्यांबद्दल काहीच सांगत नाही, आणि मुलाखत घेणारा त्या उरलेल्या निम्म्यांतला उमेदवार शोधत असतो. म्हणून मी तिला म्हटलं, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली होतीस का? मागवली होती, पुनर्मूल्यांकनासाठी. गुण वाढले नव्हते, म्हणून परत उघडून पाहिली नव्हती. पीडीएफ तिच्या मेलमध्ये तशीच पडून होती.

ही फोटोकॉपी पुष्कळ मुलं मागवतात आणि गुण वाढले नाहीत की विसरून जातात. माझ्या मते केटीचं कारण शोधायला याच्याइतका भरवशाचा कागद दुसरा नाही. नापास का झालो याची आपल्याला आठवते ती गोष्ट वेगळी असते आणि उत्तरपत्रिकेत दिसते ती वेगळी.

प्रोसेस कॅल्क्युलेशन्सच्या त्या पेपरात तिला ८० पैकी २१ होते. पास व्हायला ३२ लागतात. आम्ही पानं उलटली. एका गणितात ओला माल सुकवायचा होता : १००० किलो, त्यात ५० टक्के पाणी, सुकल्यावर १० टक्के पाणी उरावं, तर किती पाणी काढावं लागेल? तिने ५० मधून १० वजा करून ४०० किलो लिहिलं होतं. पुढचं सगळं त्या ४०० वर उभं होतं, म्हणून पुढचं सगळं शून्य.

चूक नेमकी कुठे आहे ते बघण्यासारखं आहे. ५० टक्के हे १००० किलोचे आहेत, १० टक्के हे सुकलेल्या मालाचे, आणि त्या मालाचं वजन अजून आपल्याला माहीतच नाही. दोन वेगळ्या वजनांचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. न बदलणारी गोष्ट एकच आहे, कोरडा माल, ५०० किलो. सुकल्यावर तो एकूण वजनाच्या ९० टक्के असणार, म्हणजे एकूण वजन ५५५.६ किलो आणि निघालेलं पाणी ४४४.४ किलो. बेसिस, म्हणजे सगळा हिशेब कुठल्या वजनावर धरला, ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर ४०० लिहिताना तिचा हात अडला असता. पण तिने कुठल्याच गणितात बेसिस लिहिला नव्हता. दुसऱ्या एका गणितात मोल आणि किलो एकाच बेरजेत आले होते. रीसायकलचं, म्हणजे उरलेला माल परत आत फिरवण्याचं गणित मात्र अर्धं अगदी बरोबर होतं आणि मग मधेच एक अशी पायरी आली होती की जी त्या गणितातली नव्हतीच.

“ही कुठून आली?” मी विचारलं.

तिने बराच वेळ बघितलं. “काका, ही आदल्या वर्षीच्या पेपरातल्या गणिताची आहे. तसंच होतं ते, पण त्यात पर्ज होता, फिरणाऱ्यातला थोडा माल बाहेर सोडायचा.”

कारण सापडलं ते इथे. तिने जुन्या पेपरांतली सोडवलेली गणितं वाचून पाठ केली होती. पेन घेऊन स्वतः थोडीच सोडवली होती. ट्युटोरियलची वही मैत्रिणीची उतरवलेली. आकडे तेच असते तर पास झाली असती, मांडणी बदलली आणि अडली. हे तिला डिसेंबर २०२२ नंतर अंधुकपणे कळलंही होतं, कारण जानेवारीपासून तिने अभ्यासाची पद्धत बदलली होती. प्रत्येक गणिताला आधी चौकट काढायची, आत येणारे आणि बाहेर जाणारे प्रवाह नावं घालून दाखवायचे, बेसिस लिहायचा आणि शेवटी आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन जुळतं का ते बेरजेने बघायचं. मे २०२३ मध्ये याच विषयात ५१ गुण पडले. ही गोष्ट ती कुणाला सांगणारच नव्हती. तिच्या मते ती ‘फक्त अभ्यास केला’ एवढीच होती. माझ्या मते तिच्या उत्तराचा कणा तोच होता.

आता पुढचा पुरावा. तिने यादी काढली होती : टेक फेस्टची समन्वयक, एनएसएसचं शिबिर, निबंधाचं बक्षीस. चांगल्याच गोष्टी आहेत, पण यातली एकही या केटीला उत्तर देत नाही. समोरच्याच्या मनातली शंका एवढीच असते की ज्या मुलीचा मटेरियल बॅलन्सचा विषय गेला ती प्लँटवर यील्ड काढू शकेल का. त्याचं उत्तर त्याच धाग्यावर पुढे कुठेतरी मिळायला हवं. तिच्याकडे ते होतं. प्रोसेस कॅल्क्युलेशन्स कच्चं असेल तर मास ट्रान्सफरमध्ये माणूस हमखास गाळात जातो, आणि त्या विषयात तिला ५८ होते. शिवाय तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत तिने लोट्यातच एका युनिटमध्ये इनप्लँट ट्रेनिंग केलं होतं. तिथे ट्रे ड्रायरच्या बॅचशीटवरून ती वेट केकचं, म्हणजे ओल्या मालाचं वजन आणि एलओडी, म्हणजे सुकवल्यावर किती टक्के वजन घटतं तो आकडा घेऊन कोरडा माल किती यायला हवा ते काढायची आणि पॅकिंगच्या वजनाशी ताडून बघायची. सुपरवायझरने वेळ जावा म्हणून दिलेलं काम होतं ते. तिला स्वतःला ते आठवलंसुद्धा नव्हतं, वही चाळताना सापडलं.

एवढं हाताशी आल्यावर चौकटीतला मजकूर चार ओळींत बसला :

«तिसऱ्या सेमिस्टरला प्रोसेस कॅल्क्युलेशन्स आणि गणित ३ या विषयांत नापास झाले. सोडवलेली गणितं वाचण्यावर भर दिला होता, स्वतः पुरेशी सोडवली नव्हती. पद्धत बदलून पहिला विषय मे २०२३ मध्ये (५१/८०) आणि गणित डिसेंबर २०२३ मध्ये पास केलं. त्यानंतर एकही बॅकलॉग नाही. मास ट्रान्सफरमध्ये ५८/८०.»

यात ‘नापास झाले’ हा शब्द आहे तसा ठेवायला ती तयार नव्हती. ‘विषय राहिले’ लिहू का, म्हणाली. बोलताना आपण सगळे तसंच म्हणतो, पण लेखी उत्तरात पहिलंच वाक्य सरळ असलं की पुढच्या वाक्यांवर विश्वास बसतो. आणि त्या पुढच्या वाक्यांत तिच्या बाजूचं भरपूर होतं. रेझ्युमेमध्ये मात्र केटीचा उल्लेख करायला मी सांगितलं नाही. तिथे सीजीपीआय असतो तेवढा पुरे. कुणी विचारलेलं नसताना आपण होऊन पहिल्याच पानावर मांडायची ती गोष्ट नव्हे. विचारलं की मात्र पूर्ण सांगायची.

लिहिण्यापेक्षा बोलणं अवघड गेलं. घरात सराव करताना तिच्या उत्तरात दर वेळी ‘फक्त दोनच’ यायचं आणि शेवटी आवाज खाली जायचा. मुख्य अडचण शेवटाची होती. “आता एकही केटी बाकी नाही” इथे उत्तर संपतं. समोरचा काही बोलत नाही, कागदावर काहीतरी लिहीत असतो. त्या शांततेत ती हमखास आणखी एक वाक्य जोडायची : पण सर, खरं तर तेव्हा शिक्षकही बदलले होते. हे एक वाक्य आधीच्या सगळ्यावर पाणी फिरवतं, कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात शेवटचंच राहतं. मी मुद्दाम उत्तरानंतर गप्प बसायचो, चष्मा पुसायचो, खिडकीतून बघायचो. हळूहळू तिला तिथे थांबता यायला लागलं. ओठ मिटून, माझ्याकडे बघत.

मुलाखत ऐन पावसाळ्यात झाली. परशुराम घाटात गाडी अडकू नये म्हणून ती सकाळी लवकर निघाली होती. टेबलापलीकडे प्लँट हेड आणि एचआरच्या मॅडम. त्यांच्यासमोर गुणपत्रिका होत्याच. तिने नंतर मला सांगितलं त्याप्रमाणे प्रश्न आला तो असा : “प्रोसेस कॅल्क्युलेशन्समध्ये केटी, आणि प्रॉडक्शनला यायचंय?”

तिने ठरलेलं उत्तर दिलं, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि थांबली. त्यांनी तिच्याकडे कोरा कागद सरकवला. वेट केक १२०० किलो, एलओडी ३५ टक्के, २ टक्क्यांपर्यंत सुकवायचा, पाणी किती निघेल?

तिने चौकट काढली. बेसिस : १२०० किलो वेट केक. कोरडा माल ७८० किलो. सुकल्यावर ७८० भागिले ०.९८, म्हणजे ७९५.९. पाणी ४०४.१ किलो. खाली दोन्हीची बेरीज करून १२०० येतात ते दाखवलं. घाईत ३५ मधून २ वजा केले असते तर ३९६ आले असते. फरक आठ किलोंचाच आहे, आणि म्हणूनच हे गणित त्यांनी निवडलं असावं. उत्तर साधारण बरोबर वाटतं आणि चूक लपून राहते.

पुढचा प्रश्न खरा प्लँटवरचा होता : “पॅकिंगला ७८० च किलो भरलं. काय म्हणशील?” ती म्हणाली, सोळा किलो कमी आहे; आधी सुकलेल्या मालाचा एलओडी परत काढून बघेन, जास्त सुकला असेल तर वजन तेवढं येईल; एलओडी दोनच निघाला तर ट्रेमध्ये राहिलेला माल आणि डस्ट कलेक्टर बघेन, आणि वेट केकचा नमुना नीट मिसळून घेतला होता का ते विचारेन. हे ट्रेनिंगमधलं होतं, पुस्तकातलं नव्हे.

मॅडमनी गणित तीनचं विचारलं, तिसऱ्या प्रयत्नात का? यासाठी आम्ही वेगळी तयारी केली होती, कारण दोन केटींत हीच जास्त दुबळी होती. तिचं उत्तर : “मे महिन्यात मी प्रोसेस कॅल्क्युलेशन्स आणि चौथ्या सेमिस्टरचे विषय आधी घेतले. गणिताला शेवटचे दहा-बारा दिवस राहिले, ते कमी पडले. ठरवलं मीच होतं. पुढच्या वेळी गणित सप्टेंबरपासून घेतलं.” विद्यापीठाचं वेळापत्रक, दोन पेपरमधली कमी सुट्टी, यातलं काही तिने काढलं नाही.

आणि मग पत्ता बघून मॅडमच म्हणाल्या, “बाजारपेठेत राहता? पुरात तुमचं बरंच गेलं असेल ना.” सहानुभूती आयती समोर आली होती. ती म्हणाली, “हो मॅडम, दुकान पूर्ण पाण्यात होतं. पण ते २०२१ ला. या केटी त्याच्या पुढच्या वर्षाच्या आहेत, त्याचा त्यांच्याशी संबंध नाही.” हे वाक्य आम्ही ठरवलेलं नव्हतं. तिच्या वडिलांना तिने ते घरी सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण मला वाटतं, त्या मुलाखतीतलं तिचं सगळ्यात भक्कम उत्तर तेच होतं.

तिला ती जागा मिळाली. रुजू होण्याआधी कागद मागवले तेव्हा तिने आठ सेमिस्टरच्या गुणपत्रिका क्रमाने लावल्या आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या मागे तिन्ही परीक्षांच्या गुणपत्रिका तारखेप्रमाणे जोडल्या, नापासाची सगळ्यात वर. तपासणाऱ्याला शोधायला लागलं नाही आणि फॉर्मवरचा दोन हा आकडा जुळला.

या तयारीला मर्यादाही आहे, ती याच मुलीने आधी अनुभवली होती. कॅम्पसला आलेल्या एका मोठ्या कंपनीची अट होती की आजवर एकही बॅकलॉग नसावा, आणि तिचं नाव यादी करतानाच गळलं. तिथे उत्तर ऐकायला माणूसच नसतो, त्यामुळे शब्दांचा उपयोग नाही. मेल पाठवून विनवण्या करण्यात तिचे काही दिवस गेले, ते वाचले असते. अशा वेळी थेट उत्पादन विभागापर्यंत पोचता येईल अशी जागा बघावी : एमआयडीसीतली मध्यम युनिट्स, जिथे प्लँट हेड स्वतः मुलाखतीला बसतो, किंवा एनएटीएस या केंद्र सरकारच्या योजनेखालची एका वर्षाची पदवीधर अप्रेंटिसशिप. आणि केटी अजून बाकी असेल तर आधी ती सोडवावी. बाकी असलेल्या केटीचं कारण कितीही नीट सांगितलं तरी पुढचा प्रश्न ‘मग कधी सुटणार?’ हाच असतो, आणि त्याला परीक्षेचा फॉर्म भरल्याची पावती आणि अभ्यासाचं वेळापत्रक यापलीकडे दाखवण्यासारखं काही नसतं.